मापात पाप नको : भाग ५
चाळीस नंबरचा शर्ट, पण चाळीस कशाचे?

गेल्या भागात टेप कुठे आणि किती घट्ट धरायचा ते पाहिले. आता हाती आलेले आकडे लेबलावरच्या नंबराशी जुळवू. वारंगा फाट्यावरच्या माणसाला हे जमायलाच हवे. नांदेडहून आणलेला शर्ट अंगाला बसला नाही, तर तो बदलायला पुन्हा गाडीभाडे आणि अर्धा दिवस जातो. मोबाइलवरून मागवला तर पार्सल परत पाठवायची कटकट वेगळीच.

खरा घोळ एकाच प्रश्नाचा आहे : लेबलावरचे ४० हे अंगाचे माप आहे, कपड्याचे आहे, की तिसऱ्याच कशाचे?

पुरुषांच्या साध्या शर्टावर ४० असेल तर बहुतेक वेळा अर्थ असा, की हा शर्ट ४० इंच छातीच्या माणसासाठी आहे. कपडा स्वतः ४० इंचांचा नसतो. श्वास घ्यायला आणि हात वर करायला शिंपी जी सैल सोडतो, ती धरून तो ४३-४४ इंच भरतो. ऑफिसात घालायच्या फॉर्मल शर्टावर मात्र हेच ४० अनेकदा गळ्याचे असते, तेही सेंटिमीटरमध्ये. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच शर्टाच्या नंबरांत ३९ दिसला, की तो नंबर कॉलरचा समजावा, कारण छातीचे नंबर सहसा दोन-दोनने चढतात. बायकांच्या कुर्तीत आणखी तिसरी तऱ्हा. तिथे पुष्कळ विक्रेते एम म्हणजे ३८ लिहितात आणि ते माप तयार कुर्तीचे असते. ती ३६ इंच छातीला बसते, ३८ च्या छातीला आवळते.

सगळ्यांनी पाळावा असा एकच तक्ता आपल्याकडे रूढ नाही. भारतीय बांध्याचा तक्ता बनवण्यासाठी निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' नावाची मोजणी हाती घेतली. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापे थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना. दुकानात मात्र आजही कंपनी बदलली की तक्ता बदलतो.

आता एक उदाहरण सोडवू. साध्या शर्टाचा तक्ता ठोकळमानाने असा धरू. सगळी मापे इंचांत आहेत.

| लेबल | अंगाची छाती | शर्टाची छाती | शर्टाचे पोट | उंची |
|---|---|---|---|---|
| ३८ | ३८ | ४२ | ४० | २८ |
| ४० | ४० | ४४ | ४२ | २९ |
| ४२ | ४२ | ४६ | ४४ | ३० |

गिऱ्हाइकाची छाती ३९ आणि उभ्याने पोट ४० आहे. नुसती छाती पाहिली तर ४० नंबर ठीक वाटतो, पाच इंच सैल मिळते. पण बसल्यावर पोट साडेएकेचाळीस भरते. शर्ट तिथे ४२ चा, म्हणजे मोकळीक उरली अर्ध्या इंचाची. मोटारसायकलवर बसताच बटणांमधून बनियन डोकावणार. म्हणून पोट बसूनही मोजावे, आणि फाट्यावरची खिचडी हाणल्या हाणल्या मोजू नये!

४२ नंबर घेतला तर पोटाला अडीच इंच मिळतात. छातीत तो थोडा ढगळ होईल, पण बाजूच्या शिवणी दाबून शिंपी ते आवरतो. उंची ३० आहे आणि नेहमीचा शर्ट २९ चा असेल, तरी तो खालून कापण्याची घाई नको. सुती कापड धुतल्यावर तीन टक्के आटले, तरी ३० इंचांत जवळजवळ एक इंच जातो. त्याच्याही पुढे ४४ घेऊ नये, कारण खांदा घसरतो आणि खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून मुंढा नव्याने बसवावा लागतो. दोन नंबरांत अडकलात तर आधी खांदा पाहा.

तक्त्यावर 'अंगाचे' की 'कपड्याचे' असे लिहिलेच नसेल, तर घरातला अंगाला बरोबर बसणारा शर्ट बटणे लावून पलंगावर सपाट पसरा. मुंढ्याच्या एक इंच खाली आडवे माप घ्या. ते २२ भरले तर छाती ४४. तक्त्यात तुमच्या नंबरापुढे ४४ च्या आसपास आकडा असेल, तर तो तक्ता कपड्याचा आहे. ४० असेल, तर अंगाचा.

उघड्यावर विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधले मापही द्यावे, असे वैधमापनाच्या नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने आले आहे. अडीचने भागले की ढोबळ इंच मिळतात, नेमके हवे असतील तर २.५४ ने भागा. १०२ सेंटिमीटर म्हणजे ४० इंच. लेबलावर नुसते एल दिसले, तर दुकानदाराला सेंटिमीटर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

(पुढील भागात : पँटची कंबर ३४ आणि पट्ट्याची ३४ यांत फरक का पडतो?)