तेराव्या महिन्याचा प्रश्न

विमा कंपनीत विक्रीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या तरुणांना तीन प्रश्न हमखास विचारले जातात. टार्गेट कसं गाठाल? गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काय कराल? आणि ही पॉलिसी आम्हाला साध्या शब्दांत समजावून सांगा. बहुतेक उमेदवार पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ करून जातात. खरी पारख मात्र तिसऱ्या प्रश्नात होते.

एक नेहमीची एन्डाउमेंट पॉलिसी घेऊ. वर्षाला ५०,००० रुपये, १५ वर्षं भरायचे आणि मुदत संपल्यावर समजा १२ लाख मिळणार. ‘साडेसात लाखांचे बारा लाख’ असं उमेदवार उत्साहानं सांगतो. आकडे खरे आहेत, हिशेब मात्र अर्धा आहे. पहिला हप्ता १५ वर्षं गुंततो, शेवटचा एकच वर्ष. हे धरलं की परतावा वर्षाला साधारण ५.७ टक्के पडतो. समोर बसलेल्या काकूंना हे असं सांगता यायला हवं: ‘यात पैसे हळूहळू वाढतील, पण १५ वर्षं अडकतील. सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी मोडलीत तर भरल्यापेक्षा कमी हाती येईल. तुमच्या माघारी घराला मोठी रक्कम मिळावी एवढंच हवं असेल, तर टर्म विमा घ्या. मुदत सुखरूप पार पडली तर त्यात काही परत मिळत नाही, म्हणूनच त्याचा हप्ता कमी असतो.’

एवढं खरं सांगितल्यावर टार्गेट कसं गाठायचं, अशी शंका येते. मार्चमध्ये कर वाचवण्याच्या घाईत विमा भराभर विकला जातो आणि टार्गेट गाठलंही जातं. पण वर्षानं दुसरा हप्ता येतो. पॉलिसी नीट न समजलेलं गिऱ्हाईक तो भरत नाही आणि पॉलिसी बंद पडते. म्हणूनच कंपन्या तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या, हेही मोजतात. ‘माझ्या पॉलिसी दुसऱ्या वर्षीही चालू राहतील’ हे टार्गेटच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे.

नकाराचंही तसंच. ‘मुलाला विचारून सांगते’ म्हणजे बरेचदा काहीतरी समजलेलं नसतं. तिथे मुलालाही बसवून पुन्हा सांगावं. ‘सध्या हात आखडलाय’ म्हणणाऱ्याला मोठा हप्ता गळ्यात मारू नये. आणि स्पष्ट ‘नको’ आलं की आभार मानून उठावं. त्या घरी पुन्हा जाता येतं.

गिऱ्हाईक म्हणून तुम्हीही हा तिसरा प्रश्न एजंटला विचारा. उत्तर पटलं नाही तर सही करू नका. सही झाली असेल, तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन उरलेले पैसे मिळतात.