दिवसा गार, रात्री कढत

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्या नोव्हेंबरात उलटीच गंगा वाहू लागली. दुपारी ऊन असताना टाकीतलं पाणी कोमट आणि मध्यरात्री चटका बसेल इतकं कढत. छपरावर ४ किलोवॉटची सोलर पॅनेल्स, आणि उरलेल्या विजेवर पाणी तापवणारं 'डायव्हर्टर' नावाचं डबडं भिंतीवर.

इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत कपाटात तांब्याची उंच टाकी असते, आपल्या बंबाची थोरली बहीणच म्हणा. पाणी एरवी गॅसच्या बॉयलरवर तापतं. पण टाकीत ३ किलोवॉटचा विजेचा रॉडही असतो. १५० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ८ युनिट लागतात. फुकट उन्हाची एवढी वीज मुरवायला याहून स्वस्त भांडं घरात सापडणार नाही.

अडचण अशी की हा रॉड हट्टी. चालू केला की पुरे ३ किलोवॉट ओढणार. पॅनेल्समधून १.४ किलोवॉट येतंय, घरात ०.४ लागतंय, म्हणजे उरला १. अशा वेळी साध्या टायमरने रॉड लावला तर उरलेले २ किलोवॉट विकतचे. डायव्हर्टर इथे एक गंमत करतो. विजेच्या सेकंदाला ५० लाटा येतात. त्यांतल्या साधारण १७ तो रॉडला देतो, बाकीच्या अडवतो. रॉड पेटतो-विझतो, पेटतो-विझतो, आणि सरासरी बरोबर १ किलोवॉट पडते. पण पेटतो त्या क्षणी ३ किलोवॉट ओढतोच की! ओढतो, मात्र बरेचसे मीटर एवढा क्षणाचा हिशेब धरत नाहीत. चिमूटभर वीज बाहेर गेली आणि लगेच तेवढीच आत आली, तर ते वजावट करून मोकळे होतात. याची किंमत मोजतात ते दिवे: काही घरांत ते किंचित लुकलुकतात.

किती वीज उरली हे डबड्याला कळतं ते मीटरजवळच्या जाड वायरीभोवती बसवलेल्या क्लॅम्पवरून. वीज आत येतेय की बाहेर जातेय, ते हा क्लॅम्प सांगतो. बहिणीकडे मीटर बदलायला आलेल्या माणसाने तो काढला आणि परत लावताना उलटा लावला. झालं! आता रात्री फ्रिजसाठी ३०० वॉट आत आले की डबड्याला वाटे, ३०० वॉट उरलेत. ते रॉडला दिले की आत येणारी वीज ६०० होई, डबडं आणखी खूश. असं चढत चढत रॉड पूर्ण पेटायचा आणि ६० अंशांवर थर्मोस्टॅटने तोडला तरच थांबायचा. दुपारी खरंच वीज उरे, तेव्हा मात्र रॉड गप्प.

दोष पकडला किटलीने. रॉड चालू असताना चहाची किटली लावायची. क्लॅम्प सरळ असेल तर काही सेकंदांत रॉडचा आकडा खाली येतो, कारण उरलेली वीज किटलीने खाल्ली. बहिणीकडे तो वर गेला. क्लॅम्प फिरवला, प्रश्न मिटला.

पण हे डबडं परवडतं का? तिला परवडतं, कारण तिची पॅनेल्स जुन्या योजनेतली. २०१० साली सुरू झालेल्या आणि २०१९ च्या मार्चअखेर नव्या ग्राहकांना बंद झालेल्या त्या योजनेत छोट्या घरांची निम्मी वीज बाहेर गेली असं गृहीत धरूनच पैसे देत. बाहेर खरोखर किती गेली, हे कोणी विचारत नसे. म्हणून पाण्यात मुरवलेलं प्रत्येक युनिट म्हणजे निव्वळ वाचलेला गॅस.

शेजाऱ्याने तिचं पाहून डबडं घेतलं आणि तो फसला. त्याच्या नव्या करारात बाहेर गेलेलं प्रत्येक युनिट मोजलं जातं आणि त्याचे १५ पेन्स मिळतात. गॅसवर तेवढीच ऊब त्याला ७ पेन्सच्या आसपास पडते. टाकी उन्हावर भरायची म्हणजे ८ युनिटांचे १२० पेन्स सोडून ५६ पेन्सचा गॅस वाचवायचा. करारात ४ पेन्सच मिळत असते तर दिवसाला २४ पेन्स सुटले असते, वर्षातले दीडशे चांगले दिवस धरले तर ३६ पौंड. डबडं बसवून चारशेला पडलं असेल, तर फिटायला अकरा वर्षं. डिसेंबरात तर दिवसाला जेमतेम दोन-तीन युनिट निघतात, तेही घरातच संपतात.

बहिणीने मला पुण्यासाठी एक पाठवू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. माझ्या नेट मीटरवर दिलेल्या युनिटाच्या बदल्यात युनिट वळतं होतं, आणि न्हाणीघरातला १५ लिटरचा गिझर २५ अंशांवरून ६० वर जायला पुरतं पाऊण युनिटही खात नाही.