क्रीम फुटण्याआधी सांगायचं

पॅरिसमध्ये १८९५ साली सुरू झालेल्या ‘ल कोर्दों ब्ल्यू’ या पाकशाळेच्या प्रात्यक्षिकात शेफ फ्रेंचमध्ये बोलतो आणि शेजारी उभी असलेली दुभाषी तेच इंग्रजीत सांगते. समोर देशोदेशींहून आलेली, उद्या हॉटेलांच्या किचनमध्ये उभी राहणारी मुलं असतात. शेफचा एक मुद्दा संपला की तो सांगायचा, अशी ही पद्धत. सभेत वक्ता थांबला की सगळंच थांबतं. इथे आचेवरचं पातेलं थांबत नाही.

क्रेम आंग्लेझ हे अंड्याच्या बलकाचं पातळ कस्टर्ड घ्या. अर्धा लिटर दूध, ५ बलक, १०० ग्रॅम साखर. बलक आणि साखर फेटून त्यावर गरम दूध ओततात आणि मंद आचेवर ढवळत मिश्रण साधारण ८३ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. त्याहून फार तापलं की बलक गोठून गुठळ्या होतात. ‘आता उतरवा’ हे शेफने त्या क्षणी सांगितलं, तर भाषांतर होईतो पातेलं उतरलेलं असतं आणि मुलांची खूण पाहायची राहून जाते.

म्हणून अनुभवी दुभाषी शेफशी आधीच ठरवून घेते, की खूण आच लावण्यापूर्वीच सांगायची: लाकडी उलथन्याच्या पाठीवर क्रीमचा थर बसतो, त्यावर बोट ओढलं की रेघ तशीच राहते. मग ऐन वेळी ती बोलतच नाही. सगळ्यांचे डोळे उलथन्यावर असू देते. लांबलचक सांगायचं ते बलक फेटताना, कारण तेव्हा शेफचे हात चालू असतात आणि तोंड मोकळं नसलं तरी चालतं.

वहीत वाक्यं लिहायला वेळच नसतो. जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ च्या पुस्तकात दुभाष्यांना हेच सांगितलं: शब्द नव्हे, अर्थ टिपा आणि तो पानावर उभा उतरवा. इथे दूध, बलक, साखर एकाखाली एक येतात, पुढे बाण, आणि ‘उकळी’वर काट. आकडे मात्र ऐकताक्षणी लिहायचे, कारण ते डोक्यात टिकत नाहीत. फ्रेंचमध्ये ८३ म्हणजे ‘चार वीस तीन’ आणि ९३ म्हणजे ‘चार वीस तेरा’. त्रुआ आणि त्रेझ यांत, वर एक्झॉस्ट घोंघावत असताना, गफलत सहज होते. ९३ ऐकलेल्या मुलाचं क्रीम नक्की फुटणार.

‘ब्लांशीर’सारखे शब्द ती फ्रेंचच ठेवते, कारण पुढे किचनमध्ये मुलांच्या कानावर तेच पडणार असतात. पण कृती एकदा नीट सांगते: बलकाबाबत फिकट होईतो फेटणं, भाजीबाबत उकळत्या पाण्यातून काढणं.

दोघातिघांनी ‘किती?’ असं विचारलं, की आकडा निसटल्याचं तिला कळतं. अशा वेळी अंदाजाने उत्तर न देता ती शेफलाच पुन्हा विचारते आणि आकडा फळ्यावर लिहायला लावते.