बँकेची बातमी आली, पण कधीची?

मैत्रिणींनो, ‘बँकेतून फक्त एक हजार रुपये काढता येणार’ अशी बातमी फोनवर आली, की गटाच्या पैशासाठी जीव खालीवर होतो. ही बातमी खोटी नव्हे. पण ती सप्टेंबर २०१९ ची, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची. फोटोत तारीख आणि बँकेचं नाव कापलेलं असलं, तर प्रत्येकीला ती आपलीच बँक वाटणार!

लिंक असेल तर उघडून मथळ्याखालची तारीख वाचा. ‘अपडेटेड’ लिहिलं असेल, तर ती नंतरच्या दुरुस्तीची तारीख. बातमी त्याआधीची असू शकते. नुसता फोटो असेल, तर मथळ्यातले चार-पाच शब्द गुगलवर टाका आणि सर्वांत जुनी बातमी शोधा. तिच्यात हे कुणी सांगितलं, ते बघा. इथे सांगणारी रिझर्व्ह बँक. तिची पत्रकं तारखेसह rbi.org.in वर असतात. ही मर्यादा काही दिवसांतच दहा हजार झाली होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनही झाली.

गावातल्या पतसंस्थेची बातमी मात्र तिथे मिळणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा.