निगेटिव्हचा नारिंगी रंग

रंगीत निगेटिव्ह उजेडात धरली की नारिंगी दिसते. स्लाइड तशी दिसत नाही. हा रंग जुनेपणाचा डाग नव्हे, तो कारखान्यातच मुद्दाम घातलेला असतो. फिल्ममधले किरमिजी आणि निळसर रंगद्रव्य पुरेसे शुद्ध नसते, नको तो प्रकाशही थोडा शोषते. ती चूक भरून काढण्यासाठी हा मुखवटा.

म्हणून स्कॅन नुसता उलटा केला तर चित्र निळसर, फिकट येते. स्कॅन करताना दोन चौकटींमधली कोरी पट्टीही घ्यावी. तिथे फक्त मुखवटा असतो. लाल, हिरवा, निळा या तिन्ही वाहिन्या त्या पट्टीवर सारख्या करून मगच चित्र उलटे करावे. निळी वाहिनी सर्वांत अंधारी असते, त्यामुळे १६ बिटचा स्कॅन हवाच.

धूळ स्कॅन करण्याआधीच, हवेच्या रबरी फुग्याने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. उरलेली धूळ आणि ओरखडे स्कॅनरचा अवरक्त प्रकाश ओळखतो, कारण रंगद्रव्ये त्याला पारदर्शक असतात. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र त्याला अडवते, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. तिथे ही सोय बंद ठेवून डाग स्कॅनमध्ये हाताने पुसावेत, आणि तेही धार वाढवण्याआधी, नाहीतर प्रत्येक कण ठळक होतो.