मार्चचं बिल, मे महिन्यातली खोडी

समजा, भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या विक्रेत्याने २८ मार्चला गिऱ्हाइकाला बिल दिलं. २०० नग, दर ५०० रुपये, म्हणजे एक लाखाचा माल. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१८,००० रुपये. ११ एप्रिलच्या आत मार्चचं जीएसटीआर-१ भरलं गेलं, त्यात हे बिल याच आकड्यांनी गेलं. ६ मे रोजी गिऱ्हाइकाने पूर्ण रक्कम रोख आणून दिली. काउंटरवरच्या माणसाने ११,८०० रुपये खिशात घातले, १,०६,२०० ची पावती सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली आणि मग मार्चचं ते जुनं बिल उघडून दर ५०० चा ४५० केला. बिल आपोआप १,०६,२०० चं झालं. तारीख २८ मार्चच राहिली.

आता गंमत बघा. विक्रेत्याच्या खतावणीत गिऱ्हाइकाची बाकी शून्य. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे दिलेत, त्यामुळे त्याच्याही वहीत बाकी शून्य. पुढच्या वर्षअखेरीला सीए दोघांकडून बाकीची खातरजमा करून घेतात, तिथे दोन्हीकडची शून्यं छान जुळतात. चोरी पकडायची तर बाकी पाहून भागत नाही. बिलागणिक खाती ताडावी लागतात, किंवा मार्चच्या विक्रीची बेरीज जीएसटीआर-१ शी लावावी लागते. तिथे विक्री दहा हजारांनी आणि कर १,८०० रुपयांनी कमी दिसतो. पण एकदा विवरणपत्र भरून झालं की ही बेरीज पुन्हा कोण लावतो?

कागदी वहीच्या काळी दिवाणजी चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी सही करत. खालचा आकडा वाचता यायचा. संगणकाने ती रेघ पुसून टाकली. ऑडिट ट्रेल, म्हणजेच एडिट लॉग, ती परत आणतो. आपल्या उदाहरणात त्यात असं दिसेल: ६ मे, दुपारी अमुक वाजता, अमुक लॉगिनने, दर ५०० चा ४५०.

कंपनी कायद्याच्या लेखाविषयक नियमांनुसार, सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा लॉग असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तो बंद करता येता कामा नये. वर्षभर तो चालू होता का, त्यात ढवळाढवळ झाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं. एकट्या मालकाचं दुकान, भागीदारी किंवा एलएलपी यांना हा नियम लागू नाही. आणि असली खोडी मला तरी छोट्या दुकानातच सोपी वाटते.

पण लॉग कोणाला अडवत नाही, तो फक्त लिहून ठेवतो. अडवायचं काम पिरियड लॉकचं, आणि तो या नियमाने सक्तीचा केलेला नाही. मालकाने एक तारीख घालायची, उदाहरणार्थ ३१ मार्च. त्या दिवसापर्यंतची बिलं मग बदलता येत नाहीत, खोडता येत नाहीत, आणि मागची तारीख टाकून नवं बिलही घुसवता येत नाही. समजा गिऱ्हाइकाला खरोखरच सवलत द्यायची होती. मग मे महिन्याच्या तारखेने १०,००० अधिक १,८०० रुपयांची क्रेडिट नोट काढावी लागेल. ती मेच्या जीएसटीआर-१ मध्ये जाते आणि गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर दिसते. खोटी क्रेडिट नोट काढली, तर पहिला फोन गिऱ्हाइकाकडूनच येईल.

कुलूप कधी लावायचं, हा खरा वादाचा मुद्दा. महिना संपताच लावलं तर उशिरा आलेली खरेदीची बिलं अडकतात आणि अकाउंटंट रोज किल्ली मागत राहतो. दरमहा विवरणपत्रं भरणाऱ्यांसाठी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरून झाल्यावर, विक्री बंद करणं बरं. मार्चच्या घसारा वगैरे नोंदी सीए नंतर करतात. त्यासाठी कुलूप तेवढ्यापुरतं उघडावं आणि कोणी, कशासाठी उघडलं ते लिहून ठेवावं.

हे सगळं फोल ठरतं ते एका पासवर्डमुळे. अख्खं ऑफिस ‘Admin’ नावानेच काम करत असेल, तर लॉग दरवेळी ‘Admin’कडेच बोट दाखवतो. ज्याच्याकडे बिलं करायचं काम, त्याच्याच हाती कुलूप उघडायचा अधिकार असेल, तर लॉक नुसता शोभेचा. दुसरी पळवाट जुन्या बॅकअपची: तो पुन्हा चढवला की मधल्या काळातला लॉगही जातो. आपल्याच संगणकावर चालणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ मागे फिरवलं की लॉगवर जुनी वेळ पडते. तेव्हा नोंदींचा क्रम पुढे जातो आणि वेळ मागे. असं दिसलं की समजावं, कोणीतरी घड्याळाला हात लावलाय.

महिन्यातून एकदा मालकाने स्वतः लॉग उघडावा आणि बिलाची तारीख एका महिन्यातली पण बदल दुसऱ्या महिन्यात झालेला, अशा नोंदी तेवढ्या पाहाव्यात. वर्षाच्या हजारो बिलांत ते २८ मार्चचं बिल हरवून जातं. या यादीत ते सहज नजरेस पडेल.