धनुष्य, दोरी आणि पहिले 225

आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ या इ. स. 499 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ‘ज्या’चा एक तक्ता आहे. पाव वर्तुळाचे 24 सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर ज्या किती वाढते ते सांगायचे, अशी त्याची मांडणी. पाव वर्तुळ म्हणजे 90 अंश, म्हणजेच 5400 कला; म्हणून एक भाग 225 कलांचा. आता पहिल्या भागाची ज्या किती? तीही 225. पुढच्या टप्प्यावर ती 224 ने वाढते, म्हणजे 450 कलांची ज्या 449 होते. तिथून कंस आणि ज्या यांच्यातली तफावत वाढत जाते. पण सुरुवातीला कंस 225 आणि ज्याही 225, हे कसे?

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घेतला की तो झाला धनुष्य, त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा झाली दोरी. शाळेत आपण तिला जीवा म्हणतो. आर्यभटाची ज्या ही या दोरीचा अर्धा भाग, आणि ती मोजायची अर्ध्या धनुष्यासमोर. तिला त्रिज्येने भागले की आपली आजची साइन मिळते. त्रिज्या हा शब्दही इथलाच: तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या. तक्त्यात ती शेवटी येते, 3438.

त्रिज्या 1 धरू आणि अर्ध्या धनुष्याची लांबी x. मग पूर्ण धनुष्य 2x, दोरी 2 sin x. कोन शून्याकडे नेला की sin x / x ची सीमा 1 होते, याचा अर्थ एवढाच की धनुष्य लहान लहान करत गेले की दोरी आणि धनुष्य यांच्या लांबीचे गुणोत्तर 1 कडे जाते.

“दोन्ही शून्य होतात, म्हणजे सारखेच” असे कोणी म्हटले तर ते पटवून घेऊ नये. धनुष्याच्या मध्यापासून दोरीच्या मध्यापर्यंतचे अंतर, ज्याला आपल्याकडे शर म्हणतात, तेही शून्याकडेच जाते. पण 3438 त्रिज्येच्या वर्तुळात 450 कलांचे धनुष्य घेतले तर त्याचा शर जेमतेम 7 भरतो. धनुष्याशी त्याचे गुणोत्तर 1 कडे नाही, शून्याकडे जाते.

“लहान तुकडा सरळच दिसतो, म्हणून लांबीही सारखी” हे म्हणणे जास्त फसवे आहे, कारण ते खरे वाटते. 1 बाजूचा चौरस काढा आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पायऱ्या-पायऱ्यांनी जा. पायऱ्या दहा असोत की दहा हजार, आडव्या चालीची बेरीज 1, उभ्या चालीची बेरीज 1, एकूण 2. दहा हजार पायऱ्या कागदावर कर्णापासून वेगळ्या ओळखूही येणार नाहीत, पण कर्ण आहे 1.414 आणि पायऱ्यांची वाट 2 च राहते. जवळ असणे वेगळे आणि लांबी सारखी असणे वेगळे. मग धनुष्य या पायऱ्यांसारखे वागत नाही, याची खात्री कशावरून?

दोरी धनुष्यापेक्षा आखूड, हे तर उघडच आहे. दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट सरळ रेषेची. हवी आहे ती दुसऱ्या बाजूची मर्यादा, म्हणजे धनुष्य याहून लांब असूच शकत नाही असे सांगणारी. त्यासाठी कागद घ्या, एखादी ताटली उपडी ठेवून तिच्या कडेने कंस काढा आणि त्याच्या दोन टोकांना दोन स्पर्शिका काढा. त्या धनुष्याच्या डोक्यावर एकमेकींना भेटतात आणि दोन पाखांचे छप्पर तयार होते. खाली दोरी, मधे धनुष्य, वर छप्पर.

धनुष्य छपरापेक्षा आखूड आहे. डोळ्यांना ते लगेच पटते, पण त्यामागचे कारण आर्किमिडीजने ‘गोल आणि वृत्तचिती’ या ग्रंथात गृहीतक म्हणून वेगळे लिहून ठेवले आहे: त्याच दोन टोकांमधल्या, एकाच बाजूला फुगलेल्या दोन बहिर्वक्र वाटांपैकी आतली वाट आखूड असते. पायऱ्यांना हे लागू होत नाही, कारण त्या सतत आत-बाहेर वळतात. धनुष्य मात्र एकाच बाजूला वळते, म्हणून ते छपराखाली दबून राहते. सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे.

उरलेले काम एका काटकोन त्रिकोणाचे. छपराच्या टोकावरून दोरीच्या मध्यावर लंब टाका. अर्धी दोरी हा त्रिकोणाचा पाया, छपराचे एक पाखे हा कर्ण. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या निम्मा असतो. केंद्राशी 2x आहे, म्हणून इथे x. पाया भागिले कर्ण म्हणजे cos x. तेव्हा दोरी भागिले छप्पर बरोबर cos x. धनुष्य छपरापेक्षा लहान, म्हणून दोरी भागिले धनुष्य हे cos x पेक्षा मोठे; आणि धनुष्य दोरीपेक्षा मोठे, म्हणून ते 1 पेक्षा लहान:

cos x < sin x / x < 1

कोन मिटत गेला की छपराचा उतार कमी होत ते दोरीवर सपाट पडते, cos x 1 ला भिडतो आणि मधल्याला दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. x ऋण असला तरी वरचे आणि खालचे, दोन्ही चिन्हे बदलतात, गुणोत्तर तेच राहते.

आता पुन्हा तक्त्याकडे. 225 कला म्हणजे 3.75 अंश, 30 अंशांचा तीनदा निम्मा. 30 अंशांचा कोसाइन 0.8660, त्यात 1 मिळवून, निम्मे करून वर्गमूळ काढले की निम्म्या कोनाचा कोसाइन मिळतो. तीनदा केल्यावर येतात 0.9659, 0.9914 आणि 0.9979. म्हणजे 225 कलांची ज्या 225 पेक्षा कमी, पण 225 गुणिले 0.9979 पेक्षा, म्हणजे 224.5 पेक्षा जास्त. पूर्णांकात लिहायची तर 225 च लिहावी लागते! छप्पर आणि दोरी एवढ्या दोनच गोष्टींनी तक्त्यातला पहिला आकडा पक्का झाला. (खरे मूल्य 224.86 च्या आसपास आहे.) हीच युक्ती 450 कलांना लावली तर ज्या 446 आणि 450 च्या मधे कुठेतरी, एवढेच कळते. 449 ठरवायला तिथे दुसरी पद्धत लागते.

बारावीची बरीच मुले ही सीमा अवकलन करून, लोपितालच्या नियमाने एका ओळीत सोडवतात. उत्तर 1 च येते, पण तिथे साइनचे अवकलज कोसाइन हे वापरलेले असते, आणि ते सिद्ध करायला हीच सीमा लागते. छप्पर कुठेच घातलेले नसते.

कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून 0.1 ची साइन काढली आणि 0.1 ने भागली तर 0.01745 येते, 1 नाही. भूमिती चुकलेली नसते. धनुष्य एका मापाने मोजले आणि दोरी दुसऱ्या. सिद्धतेत दोन्ही एकाच पट्टीने मोजायची आहेत, म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाला 1 म्हणायचे; तोच रेडियन. असा कंस 57.3 अंशांचा होतो, आणि 0.01745 हा त्याचाच व्यस्त. त्या 57.3 अंशांच्या कला करा: 3438.